आजीचा सर, नणंदेची माळ आणि वेजातली काळी रेघ

*माझ्याकडे आजीचा मोत्यांचा सर आहे, तिला 1938 साली मिळालेला. घरात सगळे त्याला ‘बसराचे मोती’ म्हणत आले. मधला मोती साधारण सात मिलिमीटरचा, पुढे फिरकीकडे बारीक होत गेलेले, एकूण 83. परवा गाठवायला नेला तर गाठवणाऱ्याने भिंग लावून म्हटलं, ‘हे कल्चर आहेत.’ म्हणजे खोटेच ना? दुसरी एक माळ नणंदेने दिलीय, जांभळट झाकीची, चिठ्ठीवर ‘फ्रेशवॉटर, जेन्युइन’ असं लिहिलेलं. चुलतभाऊ म्हणतो, एक मोती व्हिनेगरमध्ये टाक नाहीतर काडीने जाळून बघ, खरा असेल तर काही होणार नाही. दोन्हींच्या भोकांचे भिंगातून काढलेले फोटो पाठवतेय. यातलं खरं काय, खोटं काय, आणि घरी ओळखायचं कसं?*

आधी व्हिनेगर आणि काडी दोन्ही लांब ठेवा. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रसायनाच्या दृष्टीने खडूचा सख्खा भाऊ. आम्लात तो विरघळतो. मोती खरा असेल तर नेमका तोच खराब होईल, आणि पाणी उतरलेला मोती पुन्हा पहिल्यासारखा करता येत नाही. आगीचंही तसंच आहे. मोत्याच्या कणांना धरून ठेवणारा जो सेंद्रिय भाग असतो तो उष्णतेने करपतो, मोती तपकिरी पडतो, तडकतो. या दोन्ही परीक्षांतून वस्तू संपते आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, कारण नैसर्गिक आणि कल्चर मोती आम्लाला आणि आगीला सारखेच बळी पडतात.

आता गाठवणाऱ्याचं म्हणणं. त्याने तुम्हाला ‘खोटे’ असं सांगितलं नव्हतं. ‘कल्चर’ आणि ‘खोटा’ हे दोन शब्द बोलताना इतके सर्रास मिसळले जातात की तुमचा गैरसमज होणं साहजिक आहे. पण प्रश्न मुळात दोन आहेत. पहिला, हा मणी शिंपल्यात तयार झालेला मोती आहे की कारखान्यात रंग चढवलेली काच? दुसरा, मोती असेल तर तो आपसूक तयार झाला की माणसाने शिंपल्याला कामाला लावून करवून घेतला? पहिल्याचं उत्तर तुम्ही घरबसल्या काढू शकता. दुसऱ्याचं उत्तर कधी भिंगात दिसतं, कधी अजिबात दिसत नाही.

मोती होतो कसा, ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. शिंपल्याच्या आत त्या जीवाच्या अंगावर एक पातळ पडदा असतो, मॅन्टल. शिंपल्याच्या आतल्या बाजूची ती सप्तरंगी झळाळी या पडद्याच्या पेशी तयार करतात. एका मिलिमीटरात दोनेक हजार थर बसतील इतक्या पातळ चकत्या, एकावर एक रचलेल्या. या रचनेला नेकर म्हणतात. कधी एखाद्या किड्यामुळे किंवा जखमेमुळे या पडद्याच्या थोड्या पेशी आत मांसात ढकलल्या जातात. तिथे त्या एक छोटी पिशवी करतात आणि आपलं नेहमीचं काम चालू ठेवतात, म्हणजे नेकरचे थर टाकत राहतात. हा झाला नैसर्गिक मोती. वाळूचा कण आत शिरतो आणि मोती होतो ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण वाळू शिंपले रोजच बाहेर टाकतात. खरं काम या भरकटलेल्या पेशींचं असतं.

कल्चर मोत्यात या पेशी माणूस हाताने आत ठेवतो, एवढाच काय तो फरक. समुद्रातल्या शिंपल्यात तो पडद्याचा इवलासा तुकडा ठेवतोच, शिवाय त्याला लागून शिंपल्यातूनच घडवलेला एक गोल मणीही ठेवतो. हे मणी बहुतेक करून अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या जाड कवचाच्या शिंपल्यांपासून करत आले आहेत. पेशी या मण्याभोवती थर चढवतात. म्हणजे आत गोल मणी, वर नेकरचं आवरण. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात मात्र सहसा मणी घालत नाहीत, नुसते पडद्याचे तुकडे ठेवतात, एकाच शिंपल्यात दोन-तीन डझन. तुकडा विरून जातो आणि मोती जवळजवळ अंतर्बाह्य नेकरचा होतो. आज बाजारातले बहुतेक गोड्या पाण्यातले मोती चीनमधून येतात.

तेव्हा नणंदेने दिलेली माळ ‘फक्त फ्रेशवॉटर’ म्हणून कमी लेखू नका. नेकरच्या हिशेबाने पाहिलं तर तिच्यातला एकेक मोती तुमच्या आजीच्या सरातल्या मोत्यापेक्षा जास्त भरीव आहे. तुमच्या फोटोत मोत्याच्या आरपार भोकाच्या, म्हणजे वेजाच्या तोंडापासून आतपर्यंत एकसारखा, किंचित पिवळसर, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पोत दिसतो. मध्ये कुठेही सीमारेषा नाही. मणी पूर्ण गोल नाहीत, दोन-तीन मोत्यांच्या कमरेला बारीक वळ आहेत. जांभळट आणि नारिंगी झाक गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला निसर्गतःच येते, तरी रंगवलेले मोतीही असतात. रंगवलेल्या मोत्यात वेजाच्या कडेला किंवा खाचांत रंग गडद साचतो. तुमच्या फोटोत तो साचलेला नाही. चिठ्ठीवरचा ‘जेन्युइन’ मात्र सोडून द्या, तो शब्द कशालाही चिकटवतात. सिब्जो या दागिने-व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा की नुसता ‘मोती’ म्हटलं तर तो नैसर्गिक, आणि शेतीतल्या मोत्याच्या नावात ‘कल्चर्ड’ हा शब्द हवाच. चिठ्ठीवर तो असता तर ती चिठ्ठी काही कामाची झाली असती.

आता आजीचा सर. माझ्या मते घरी मोती पाहायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे वेज. बाहेरून मोती हुबेहूब करता येतो, वेजात लपवाछपवी अवघड जाते. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर सर ठेवा. सर गाठवलेला असेल तर गाठ मोत्याच्या तोंडाशी दाबून बसलेली असते. ओढाताण न करता दोन मोती बोटांत धरून हलकेच एकमेकांपासून लांब करा, रेशीम थोडं ताणलं की वेजाचं तोंड दिसतं.

खऱ्या मोत्यात वेजाची कड धारदार आणि स्वच्छ असते, फळीला नीट भोक पाडल्यासारखी. नकली मण्यात तसं नसतं. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्याला आधीच भोक असतं, आणि मग तो माशांच्या खवल्यांपासून केलेल्या चमकदार द्रवात किंवा तशाच लॅकरमध्ये पुन्हा पुन्हा बुडवतात. तो लेप भोकाच्या तोंडाशी जमून ओठासारखा उचललेला राहतो. जुना मणी असेल तर तिथलाच लेप दोऱ्याच्या घासण्याने सुटतो आणि खालची काच चमकते. अलीकडे शिंपल्याच्याच मण्यावर असा लेप देऊन ‘शेल पर्ल’ नावाने विकतात. नाव आणि वजन दोन्ही फसवी, पण लेपाचा ओठ तिथेही दिसतो.

तुमच्या सातव्या आणि आठव्या फोटोत, फिरकीला लागून असलेल्या दोन मण्यांवर हा ओठ अगदी स्पष्ट आहे. आठव्यात तर लेपाचा एक पापुद्रा वेजापासून सुटून नखपॉलिशसारखा वळलाय. ते दोन्ही मणी नकली आहेत. आधीच्या कुठल्यातरी गाठवणीत दोन मोती हरवले किंवा फुटले असतील आणि कोणीतरी मापाचे मणी घालून सर पूर्ण केला असेल. जुन्या सरांत असं फार वेळा सापडतं, आणि ते बहुतेकदा फिरकीजवळच असतात, कारण मानेमागे कोणी पाहत नाही. मी स्वतः एकदा इथेच चुकले आहे. एका ओळखीच्या बाईंचा सर मी मधले चार मोती पाहून ‘सगळे खरे’ म्हणून परत दिला. वर्षभराने तो तुटला आणि कडेचे अकरा मणी काचेचे निघाले. तेव्हापासून फिरकीकडून पाहायला सुरुवात करते आणि एकही मणी सोडत नाही. तुमचे उरलेले 74 मणीही एकेक करून पाहायला हवेत, मी फक्त नऊ फोटो पाहिलेत.

बाकीच्या सात फोटोंत वेगळीच गोष्ट दिसते, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तिसरा फोटो मोठा करून पाहा. वेजाच्या तोंडाशी मलईसारख्या रंगाचं एक पातळ कडं आहे. ते संपतं तिथे एक बारीक तपकिरी-काळी रेघ गोल फिरते. रेघेच्या आतला भाग एकदम वेगळा आहे, मळकट पांढरा, गुळगुळीत. बाहेरचं कडं म्हणजे नेकर. आतलं पांढरं म्हणजे घातलेला मणी. आणि मधली रेघ म्हणजे पेशींनी मण्यावर पहिल्यांदा जो सेंद्रिय पदार्थ टाकला तो, कॉन्किओलिन. ही रेघ दिसली की मोती मणी घालून केलेला कल्चर मोती आहे, आणखी कशाची साक्ष लागत नाही. तुमच्या गाठवणाऱ्याने भिंगातून नेमकं हेच पाहिलं असणार. त्याचं बरोबर होतं.

पाचव्या फोटोने तुम्ही घाबरला असाल, कारण त्यातल्या मोत्याच्या वेजाशी थर उडालेला आहे. हा लेप सुटलेला नाही. नीट पाहिलंत तर तुटलेल्या जागेला जाडी आहे, कड कपाच्या फुटलेल्या कानासारखी टोकदार आहे, आणि तुकडा वळलेला नसून सरळ तुटलाय. लेप सोलतो, नेकर तुटतं. अशा छोट्या जपानी मोत्यांवर, ज्यांना अकोया म्हणतात, नेकर अर्धा मिलिमीटरही नसतं कित्येकदा, आणि ऐंशी-नव्वद वर्षं दोरा घासला की तोंडाशी ते असं उडतं.

साल आणि घडणही या उत्तराशी जुळतात. जपानमध्ये कोकिची मिकिमोटो यांनी 1893 साली अर्धगोल कल्चर मोती मिळवला, पूर्ण गोल मोत्याची पद्धत पुढच्या वीसेक वर्षांत बसली आणि 1920च्या दशकात हे मोती जगभर विकले जाऊ लागले. म्हणजे 1938 साली घेतलेला, मध्ये मोठा आणि कडेला बारीक होत जाणारा अकोयाचा सर ही त्या काळची अगदी सर्वसाधारण वस्तू. तोच सर 1900 सालचा असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

‘बसराचे’ हे नाव घरात कसं रुजलं असेल, याचाही अंदाज करता येतो. इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती बसरा बंदराच्या नावाने ओळखले जात, आणि एके काळी चांगला मोती म्हटलं की लोकांच्या तोंडी तेच नाव येई. नाव गुणाचं झालं, उगमाचं उरलं नाही. तुमच्या आजीने कोणाला फसवलं नाही, आणि बहुधा तिलाही कोणी फसवलं नसेल. नैसर्गिक मोत्यांची ती जुनी किंमत कशी होती हे सांगायला एकच उदाहरण देते. 1917 साली न्यूयॉर्कमध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांनी नैसर्गिक मोत्यांचा एक दुपदरी हार आणि वर शंभर डॉलर देऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवरची अख्खी हवेली घेतली. त्या हाराची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. 1957 साली तोच हार दीड लाखाच्या आसपास विकला गेला. मधल्या काळात कल्चर मोत्यांनी बाजार भरून गेला होता.

आता घरी करता येण्यासारख्या आणखी दोन गोष्टी. दातांची परीक्षा खरीच कामाची आहे, पण चावायचं नाही. मोती स्वच्छ पुसून पुढच्या दातांच्या धारेवर अगदी हलका सरकवा. नेकर खरखरीत लागतं, बारीक वाळू घासल्यासारखं, काच आणि प्लॅस्टिक निसरडं लागतं. यातून फक्त नेकर आहे की नाही एवढंच कळतं, नैसर्गिक की कल्चर हे कधीच कळत नाही. शिवाय जास्त पॉलिश केलेला मोती गुळगुळीत लागू शकतो. म्हणून दाताने शंका घ्यावी आणि निकाल वेजावर सोपवावा. आजीच्या सरावर ही परीक्षा वारंवार करू नका, त्याचं नेकर आधीच पातळ आहे.

दुसरी गोष्ट बॅटरीची. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या दिव्यावर मोती धरून सावकाश फिरवा. पातळ नेकरचा मणीवाला मोती असेल तर एका ठरावीक कोनात आत समांतर पट्टे दिसतात, लाकडाच्या फळीत दिसतात तसे, आणि फिरवताना तो उजळतो-मावळतो. हे पट्टे आतल्या शिंपल्याच्या मण्याचे असतात. नेकर जाड असेल तर काही दिसणार नाही, आणि दिसलं नाही म्हणून मोती नैसर्गिक ठरत नाही.

इथेच बरेच जण चुकतात. रेघ दिसली तर मोती कल्चर, हे पक्कं. पण रेघ नाही म्हणून नैसर्गिक, हे साफ चूक, कारण गोड्या पाण्यातल्या बिनमण्याच्या कल्चर मोत्यातही रेघ नसते, आणि तो आणि नैसर्गिक मोती भिंगाखाली सारखेच दिसतात. त्यांना वेगळं करायला क्ष-किरण लागतात. प्रयोगशाळेतल्या चित्रात नैसर्गिक मोत्याची वलयं साधारण केंद्रापर्यंत जाताना दिसतात. मणीवाल्यात आतला गोल वेगळा उठतो. बिनमण्याच्या कल्चर मोत्यात मधोमध एक छोटी वेडीवाकडी पोकळी सापडते, जिथे तो पडद्याचा तुकडा होता. गोडं पाणी की खारं, हे मोत्यातल्या मँगनीज आणि स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणावरून ठरवतात, गोड्या पाण्यातल्या मोत्यात मँगनीज जास्त असतं. कोणी तुम्हाला ‘नैसर्गिक’ म्हणून मोती विकत असेल तर असा अहवाल मागा, आणि त्यात ‘नैसर्गिक’ हा शब्द आणि पाण्याचा प्रकार दोन्ही लिहिलेले आहेत ना ते वाचा. वेज बारीक आहे म्हणून नैसर्गिक, असंही काही जण सांगतात. नैसर्गिक मोती वजनावर विकत म्हणून वेज बारीक पाडत, हे खरं आहे, पण त्यावरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही.

तुमच्या सराला मात्र क्ष-किरणांची गरज नाही. रेघ सात फोटोंत सात वेळा दिसतेय. पैसे खर्च करायचेच तर गाठवणीवर करा. रेशीम जुनं आहे, दोन गाठी मळून सैल झाल्यात, आणि थर उडालेला मोती शेजारच्यावर घासतोय. सर उतरवायचाच आहे तर त्या वेळी समोर बसा आणि दोरा निघाला की एकेका मोत्याचं वेज दोन्ही बाजूंनी पाहून घ्या, दोऱ्याविना ते जितकं स्पष्ट दिसतं तितकं एरवी कधी दिसत नाही. मोती ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने पन्हाळीच्या पाटावर लावून ठेवायला सांगा, नाहीतर उतार बिघडतो. फिरकीजवळचे दोन नकली मणी वेगळे काढून घ्या. त्यांच्या जागी तीन-साडेतीन मिलिमीटरचे अकोया सहज मिळतात, किंवा 81 मोत्यांचाच सर करा, लांबीत बोटाच्या पेरापेक्षाही कमी फरक पडेल. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून घ्या, आणि पाचव्या फोटोतला मोती थर उडालेली बाजू फिरकीकडे करून ओवायला सांगा.